'असलेल्या' कुठून आलं? मेघदूताच्या पहिल्या श्लोकाची उकल

काकांनी वही पुढे सरकवली. पानावर मेघदूताचा पहिला श्लोक त्यांनी स्वच्छ अक्षरात उतरवला होता. खाली एका मराठी भाषांतरातला अर्थ होता आणि त्या अर्थातल्या एकाच शब्दाभोवती दोन ठिकाणी पेन्सिलीने गोल केलेला होता. शब्द होता 'असलेल्या'. सीतेच्या स्नानाने पवित्र झालेलं पाणी असलेल्या आश्रमांत, दाट सावलीची झाडं असलेल्या आश्रमांत, असा काहीसा तो अर्थ होता.

"ताई, मी शब्दन् शब्द लावून पाहिला," काका म्हणाले. "पाणी सापडलं, झाडं सापडली, आश्रम सापडला. हे 'असलेल्या' कुठून आलं? संस्कृतात त्यासाठी शब्दच नाही."

काकांचं संस्कृत शाळेतलं, मधे चाळीसेक वर्षांचा खंड. पण प्रश्न नेमका होता. त्याच्या उत्तरात समास कसा सोडवायचा हे जवळजवळ सगळं येतं, म्हणून ती पूर्ण बैठक इथे लिहून ठेवते आहे. श्लोक असा:

कश्चित्कान्ताविरहगुरुणा स्वाधिकारात्प्रमत्तः
शापेनास्तङ्गमितमहिमा वर्षभोग्येण भर्तुः।
यक्षश्चक्रे जनकतनयास्नानपुण्योदकेषु
स्निग्धच्छायातरुषु वसतिं रामगिर्याश्रमेषु॥

भाषांतर बाजूला ठेवून काकांनी स्वतः शब्दाखाली शब्द लिहून जो अर्थ लावला होता, तोही वहीत होता. तो थोडक्यात असा: "कोणी एक, बायकोच्या विरहात, गुरूने, स्वतःच्या अधिकाराने माजलेला, शापाने महिमा अस्ताला गेला, वर्षाचा भोग, पतीचा. यक्षाने केली सीतेच्या स्नानाच्या पुण्यपाण्यात, स्निग्ध सावलीच्या झाडांत वस्ती, रामगिरीच्या आश्रमांत."

यातला जवळजवळ प्रत्येक तुकडा शब्दकोशात शोधला तर बरोबर निघतो. तरीही त्या अर्थात यक्ष पाण्यातही राहतो, झाडांवरही राहतो आणि आश्रमांतही राहतो. शाप गुरूने दिलेला दिसतो, आणि 'पतीचा' हा शब्द कुणालाच न चिकटता लोंबकळत राहतो. शब्दांचे अर्थ चुकले म्हणून हे झालेलं नाही, निदान फक्त म्हणून तरी नाही. कोणता शब्द कोणाचा, हे ठरवण्याआधीच अर्थ लिहायला घेतला, म्हणून झालं.

म्हणून आधी अर्थ पूर्ण बंद केला. वहीच्या नव्या पानावर फक्त पदं सुटी केली आणि प्रत्येकाचं शेवटचं अक्षर पाहिलं. समासाच्या पोटात शिरायचं नाही, फक्त शेपूट बघायचं, असं ठरवलं. समास कितीही लांब असला तरी त्याला विभक्ती एकच लागते आणि ती शेवटी लागते. तेवढ्यावरून चार गट पडले. प्रथमेत कश्चित्, प्रमत्तः, अस्तङ्गमितमहिमा आणि यक्षः. तृतीयेत कान्ताविरहगुरुणा, शापेन आणि वर्षभोग्येण. सप्तमीच्या अनेकवचनात जनकतनयास्नानपुण्योदकेषु, स्निग्धच्छायातरुषु आणि रामगिर्याश्रमेषु. उरलेली एकेकटी पदं म्हणजे स्वाधिकारात् ही पंचमी, भर्तुः ही षष्ठी, वसतिम् ही द्वितीया आणि चक्रे हे क्रियापद.

महिमा या शब्दाशी काका थोडे अडले. मराठीत 'महिमा' हा साधा नाम-शब्द, त्यामुळे 'महिमा अस्ताला गेला' असं वेगळं वाक्यच त्यांनी केलं होतं. मूळ शब्द महिमन्, त्याची प्रथमा महिमा. पण इथे तो समासाच्या शेवटी आहे, आणि समास कोणाबद्दल बोलतो ते अजून ठरायचं आहे. म्हणून तूर्त फक्त 'प्रथमा एकवचन' एवढंच लिहून पुढे गेलो.

चार गट समोर मांडले की श्लोकाचा सांगाडा दिसतो. कर्ता यक्षः, क्रिया चक्रे, कर्म वसतिम्. कोणी एक यक्ष वस्ती करता झाला. बाकी सगळं या तिघांपैकी कुणाला तरी लागायला हवं. तृतीयेतले तीन शब्द एकमेकांपासून लांब विखुरलेले आहेत: पहिल्या चरणात एक, दुसऱ्याच्या सुरुवातीला एक, शेवटाकडे एक. पण विभक्ती, वचन आणि लिंग जुळतं, आणि शाप हे त्यातलं उघड नाम. म्हणजे कान्ताविरहगुरुणा हे शापाचं विशेषण आणि वर्षभोग्येण हेही शापाचं विशेषण. इथे काकांचे 'गुरू' श्लोकातून बाहेर पडले. गुरु म्हणजे जड. लघु-गुरु म्हणताना, गुरुत्वाकर्षण म्हणताना मराठीतही तो अर्थ आपण रोज वापरतो, पण समासाच्या टोकाला एकटा 'गुरुणा' दिसला की शिक्षकच आठवतो. कान्तेच्या विरहामुळे जड झालेला शाप. भर्तुः या षष्ठीलाही मग जागा मिळाली: भर्त्याचा शाप. शेजारी कान्ता आहे म्हणून भर्ता म्हणजे नवरा, असं काकांना वाटलं होतं. इथे तो धनी, मालक. तो कोण, हे या श्लोकात सांगितलेलं नाही. पुढे यक्ष मेघाला स्वतःची ओळख 'धनपतिक्रोधविश्लेषितस्य' अशी करून देतो, धनपतीच्या रागाने ताटातूट झालेला, तेव्हा कुबेर स्पष्ट होतो.

आता सप्तमीचा गट, म्हणजे काकांचा प्रश्न.

तीन शब्द, तिन्ही 'षु'ने संपणारे. काकांनी तिन्हींना 'त' प्रत्यय लावला: पाण्यात, झाडांत, आश्रमांत. नुसत्या विभक्तीवर पाहिलं तर यात चूक नाही. मी त्यांना विचारलं, "तीन ठिकाणी राहिला असं म्हणायचं असतं तर कवीने आणखी काय घातलं असतं?" त्यांनी श्लोक पुन्हा वाचला आणि म्हणाले, "च". बरोबर. या श्लोकात 'च' कुठेही नाही. (यक्षश्चक्रे यात जो 'श्च' दिसतो तो यक्षः आणि चक्रे यांच्या संधीतला, 'आणि' या अर्थाचा नव्हे. हे एकदा तपासून घ्यावं लागतं.) एकाच विभक्तीतले तीन शब्द 'च'शिवाय शेजारी आले तर आधी एक शक्यता तपासायची: यातलं एक नाम आणि बाकीची त्याची विशेषणं आहेत का?

नाम कोणतं असू शकेल? वस्ती पाण्यात होत नाही, झाडात माणसाने करायची नसते, आश्रमात होते. मग उदकेषु आणि तरुषु ही आश्रमांची विशेषणं व्हायला हवीत. पण उदक हे नाम, तरु हे नाम. नाम विशेषण कसं होणार?

हाच बहुव्रीहीचा प्रांत. समासातलं शेवटचं पद नाम असतं, पण पूर्ण समास त्या नामाबद्दल न बोलता तिसऱ्याच वस्तूबद्दल बोलतो. पीतांबर म्हणजे पिवळं वस्त्र असा अर्थ घेतला तर तो कर्मधारय झाला. पिवळं वस्त्र ज्याचं तो, असा घेतला तर बहुव्रीहि. शब्द तोच, अक्षरं तीच. फरक समासाच्या आत दिसत नाही, तो बाहेरच्या शब्दाशी जुळवून पाहावा लागतो.

इथे मल्लिनाथाची संजीवनी टीका उघडली. स्वतः हात घातल्यानंतरच ती उघडायची असा माझा आग्रह असतो, कारण आधी उघडली तर तिच्यातले छोटे शब्द डोळ्यांसमोरून निसटतात. टीकेत पहिल्या समासाचा विग्रह असा: जनकतनया सीता, तस्याः स्नानैरवगाहनैः पुण्यानि पवित्राण्युदकानि येषु तेषु. काकांनी बोट ठेवून वाचलं आणि शेवटच्या दोन शब्दांवर थांबले. येषु तेषु. ज्यांच्यात, त्यांच्यात.

"हेच का ते असलेल्या?"

हेच. मूळ श्लोकात तो शब्द नाही, कारण तो समासात मुरलेला आहे. टीकाकार तो 'येषु' या सर्वनामाने बाहेर काढतो आणि मराठी भाषांतरकार 'असलेल्या'ने. 'तेषु' ही सप्तमी पूर्ण समासाची आणि तिचा सांधा आश्रमेषुशी. 'येषु' ही सप्तमी पाण्याचा आश्रमाशी संबंध दाखवते: पाणी कुठे, तर ज्या आश्रमांत. म्हणजे टीकेतल्या विग्रहात दोन्ही सर्वनामं वेगवेगळं काम करतात. पहिलं सांगतं की समासातल्या नामाचं बाहेरच्या नामाशी नातं काय. दुसरं सांगतं की बाहेरचं नाम कोणत्या विभक्तीत आहे. अस्तङ्गमितमहिमा याचा विग्रह टीकेत 'अस्तंगमितो महिमा सामर्थ्यं यस्य सः' असा आहे. तिथे 'यस्य' आहे, कारण महिमा यक्षाचा, आणि 'सः' आहे, कारण यक्ष प्रथमेत. काकांच्या वहीत जो महिमा स्वतंत्र वाक्य करून बसला होता तो आता यक्षाला जोडला गेला: ज्याचं सामर्थ्य मावळवलं गेलं असा यक्ष. 'गमित' हे प्रयोजकाचं रूप आहे, म्हणून 'मावळलं' नाही, 'मावळवलं'. मावळवणारा शाप.

टीका वाचताना माझा स्वतःचा क्रम हाच आहे. विग्रहाचं टोक आधी पाहते. 'यस्य सः', 'येषु तेषु' असं सर्वनाम असेल तर बहुव्रीहि, आणि मग बाहेरचं नाम शोधायचं. सर्वनाम नसेल तर समास ज्या पदाने संपतो त्याच्याचबद्दल बोलतो आहे. समासाचं नाव टीकाकार पुष्कळदा सांगतच नाही. या दोन शब्दांवरूनच ते ओळखायचं असतं.

जनकतनयास्नान याबद्दल एक छोटी गोष्ट. काकांनी मुद्दाम विचारलं की हे जनकतनय आणि अस्नान असं फोडता येईल का. संधीच्या नियमाने येतं. अ आणि अ मिळून आ होतोच. अर्थ मात्र 'जनकाच्या मुलाच्या अंघोळ न करण्याने पवित्र' असा निघेल. असा फोड अर्थाने बाद होतो, व्याकरणाने नाही, आणि हे दोन्ही वेगळं ठेवण्याची सवय चांगली. कारण पुढच्याच समासात व्याकरण आणि अर्थ यांची बाजू उलटते.

तो समास म्हणजे स्निग्धच्छायातरुषु. मला या श्लोकातला हा सर्वांत आवडता शब्द, आणि बैठकीचा बराच वेळ त्याच्यावर गेला.

तुकडे तीन: स्निग्ध, छाया, तरु. मधला 'च्' कुणाचा नाही. ऱ्हस्व स्वरापुढे छ आला की त्याच्याआधी च् येतो, 'छे च' या पाणिनीच्या सूत्राने. म्हणून फोडताना तो टाकून द्यायचा. आता हे तीन तुकडे कोणत्या जोडीने आधी जुळतात, हा प्रश्न. काकांनी नैसर्गिक वाटणारी जोडी घेतली होती: स्निग्ध छाया ज्यांची अशी झाडं. अर्थ सुंदर आहे, आश्रमालाही शोभतो. मराठीत आपण अगदी असंच म्हणू, थंडगार सावलीची झाडं.

पण तसं असतं तर शब्द हा झाला नसता. 'स्निग्धा छाया येषाम्' असा बहुव्रीहि केला की शेवटच्या छायेतला दीर्घ आ ऱ्हस्व होतो. स्त्रीलिंगी शब्द समासात दुय्यम होऊन दुसऱ्या कुणाबद्दल बोलायला लागला की त्याचा स्वर आखडतो. हे मराठीच्या कानाला ओळखीचं आहे: प्रतिज्ञा, पण दृढप्रतिज्ञ, लज्जा, पण निर्लज्ज, दया, पण निर्दय. तसंच छाया, पण स्निग्धच्छाय. त्याला तरु जोडला तर होईल स्निग्धच्छायतरु. श्लोकात मात्र 'छायातरु' आहे, या दीर्घ. त्या एका कान्याने काकांची जोडणी अडवली.

काकांनी लगेच शंका काढली, आणि शंका रास्त होती. "वृत्तासाठी दीर्घ केलं असेल." मंदाक्रांतेत चरणाची पहिली चार अक्षरं गुरु लागतात, मग पाच लघु. स्निग्-धच्-छा-या ही चार, त-रु-षु-व-स ही पाच. चौथं अक्षर 'य' झालं तर वृत्त मोडेल, हे खरं. पण वृत्तासाठी व्याकरण वाकवणं हा कवीवर ठेवायचा शेवटचा आरोप. आधी पाहायचं की दीर्घ आ ठेवूनच शब्द नीट लागतो का. लागत असेल तर आरोपाचं कारण उरत नाही.

लागतो, आणि मल्लिनाथ तेच करून दाखवतो. तो आधी शेवटचे दोन तुकडे जोडतो: छायाप्रधानास्तरवश्छायातरवः. छाया हेच ज्यांचं मुख्य लक्षण अशी झाडं ती छायातरु. मधलं 'प्रधान' लोपलेलं आहे. शाकप्रिय पार्थिव तो शाकपार्थिव, त्या गटातला हा समास, असं तो सांगतो. इथे छाया दुसऱ्या कुणाच्या मालकीची होऊन आखडत नाही, म्हणून तिचा आ शाबूत राहतो. मग बाहेरचा समास: स्निग्धाः सान्द्राश्छायातरवो येषु तेषु. स्निग्ध हे विशेषण आता सावलीचं नाही, झाडांचं. आणि 'येषु तेषु' पुन्हा आहेच, आश्रमांसाठी.

अर्थात काय बदललं? काकांच्या वहीत सावली स्निग्ध होती, आणि स्निग्धचा अर्थ त्यांनी कंसात 'तुकतुकीत?' असा प्रश्नचिन्हासह लिहिला होता, कारण मराठीत स्निग्ध म्हटलं की तूप आणि तेल आठवतं. तुकतुकीत सावली कशी असेल हे त्यांना उमगेना. टीकेतला एक शब्द, सान्द्राः, ती अडचण सोडवतो. सान्द्र म्हणजे दाट, घट्ट. छायावृक्ष दाट आहेत. सावली अर्थातच दाट असणार, पण ती झाडांच्या दाटीतून आलेली.

न्यायाने आणखी एक शक्यता मांडायला हवी. 'स्निग्धच्छाया' असा आधी कर्मधारय करून, दाट सावली, मग तिची झाडं असा समास केला तरी आ दीर्घच राहतो. व्याकरण तेही चालवून घेतं. मग मल्लिनाथाचीच जोडणी का घ्यायची? माझं कारण असं की छायातरु हा बांधीव शब्द आहे. कालिदासाच्याच शाकुंतलात, चौथ्या अंकात, शकुंतलेच्या वाटेला शुभ चिंतताना 'छायाद्रुमैर्नियमितार्कमयूखतापः' असं येतं, सावलीच्या झाडांनी उन्हाचा ताप आवरलेली वाट. तिथेही छाया दीर्घच आणि जोडी छाया-द्रुम अशीच. कवी हा जोडशब्द एक वस्तू म्हणून वापरतो, मराठीत आपण 'फळझाड' म्हणतो तसा. ज्या जोडीला स्वतंत्र आयुष्य आहे ती आधी जुळवायची, हा नियम सगळीकडे नाही चालत, पण इथे चालतो.

याच ठिकाणी मी टीकेपासून एक पाऊल मागे राहते. मल्लिनाथ छायातरूंचा अर्थ पुढे 'नमेरुवृक्षाः' असा एका विशिष्ट झाडावर नेतो, कोशाचा आधार देऊन. शाकुंतलातला प्रयोग पाहिला तर वाटेवरची कोणतीही सावली देणारी झाडं चालतात. मला नमेरूची गरज दिसत नाही. विग्रह त्याचा घ्यावा, झाडाचं नाव घ्यायलाच हवं असं नाही. टीकेत विग्रह, पर्यायी शब्द आणि कोशातलं वचन हे तीन वेगळे थर असतात. विग्रह व्याकरणाने तपासता येतो, पर्याय संदर्भाने, आणि कोशवचन मात्र टीकाकाराच्या निवडीवर असतं.

वर्षभोग्येण या शब्दात असाच एका अक्षराचा पुरावा आहे, शेवटचा ण. भोग्य शब्दाची तृतीया एकटी असती तर भोग्येन झाली असती, न. इथे ण झाला, कारण आधीच्या 'वर्ष'मधल्या ष चा परिणाम पुढे पोचला. दोन सुट्या शब्दांत तो असा पोचत नाही. समास होऊन एक पद झालं तरच पोचतो, आणि उत्तरपदात कवर्गातलं अक्षर असलं, जसा इथे भोग्यमधला ग, तर 'कुमति च' या सूत्राने ण होतोच. मल्लिनाथ हे सूत्र देतो, आणि काकांसारखा वाचक ते 'व्याकरणाची बाब' म्हणून ओलांडून जातो. पण त्याचं काम इथे साधं आहे: वर्ष आणि भोग्य हा एकच शब्द, यावर शिक्का. काकांनी 'वर्षाचा भोग' लिहिलं होतं. भोग्य म्हणजे भोग नव्हे, भोगायचा. वर्षभर भोगायचा शाप.

वर्ष म्हणजे इथे पाऊस तर नाही ना, असंही काकांनी विचारलं, काव्य मेघाचं म्हणून. टीका संवत्सर म्हणते. पण हे टीकेवर विसंबून न राहता काव्यातच तपासता येतं, म्हणून तपासलं. दुसऱ्या श्लोकात यक्षाने 'कतिचित्' महिने काढले आहेत आणि आषाढ आला आहे. उत्तरमेघात तो पत्नीला निरोप देतो, 'शेषान्मासान् गमय चतुरः', उरलेले चार महिने काढ, विष्णू शेषशय्येवरून उठला की शाप संपेल. विष्णूचं उठणं कार्तिकात. चार उरले म्हणजे आठ गेले, आणि मल्लिनाथ 'कतिचित्'चा अर्थ आठ असा करतो तो याच ओळीवरून. आठ आणि चार बारा. पहिल्या श्लोकातला 'वर्ष' शंभराव्या श्लोकाच्या आसपास जाऊन जमा-खर्चासारखा जुळतो. काकांनी वहीच्या कडेला ८ + ४ लिहून खाली रेघ मारली.

राहिलं 'स्वाधिकारात्प्रमत्तः', काकांचा 'अधिकाराने माजलेला'. इथे समास अगदी सोपा, स्व आणि अधिकार, आणि चूक पूर्णपणे मराठीची. अधिकार म्हटलं की आपल्याला हक्क, सत्ता दिसते, प्रमत्त म्हटलं की माज. टीका दोन्ही शब्द बदलून देते: स्वनियोगात्, म्हणजे नेमून दिलेल्या कामापासून, अनवहितः, म्हणजे लक्ष नसलेला. आणि अमरकोशाचं वचन: प्रमादोऽनवधानता. पंचमीही तेच सांगत होती. माजला असता तर तृतीया शोभली असती, अधिकाराने. पंचमी सांगते की कशापासून तरी लक्ष ढळलं. प्रमाद या अर्थाच्या धातूंना पंचमी लागते, असं वार्तिकच आहे आणि मल्लिनाथ ते उद्धृत करतो. मराठीत म्हणायचं तर यक्षाने कामात हयगय केली. काही प्रतींत 'स्वाधिकारप्रमत्तः' असा समासाचा पाठ छापलेला आढळतो. वृत्त दोन्हींत बसतं. पण तो पाठ हातात असता तर पंचमीचा हा धागा समासात झाकला गेला असता आणि काकांची चूक विभक्तीवरून पकडता आली नसती.

आता अन्वय लिहिला, काकांच्या हाताने:

कश्चित् यक्षः, स्वाधिकारात् प्रमत्तः, कान्ताविरहगुरुणा वर्षभोग्येण भर्तुः शापेन अस्तङ्गमितमहिमा, जनकतनयास्नानपुण्योदकेषु स्निग्धच्छायातरुषु रामगिर्याश्रमेषु वसतिं चक्रे।

आणि खाली त्यांचाच मराठी अर्थ: "नेमून दिलेल्या कामात हयगय केलेला, आणि म्हणून बायकोच्या विरहाने असह्य झालेल्या, वर्षभर भोगायच्या अशा धन्याच्या शापाने ज्याची शक्ती मावळवली गेली, अशा कोणा यक्षाने, सीतेच्या स्नानांनी जिथलं पाणी पवित्र झालं आहे आणि जिथे दाट छायावृक्ष आहेत अशा रामगिरीवरच्या आश्रमांत वस्ती केली." त्यांनी 'असलेल्या' टाळून 'जिथलं', 'जिथे' लिहिलं. येषु याचा हा अनुवाद मला 'असलेल्या'पेक्षा जास्त आवडला. 'आणि म्हणून' हे मात्र श्लोकात नाही. ते टीकेतल्या 'अत एव'वरून त्यांनी उचललं. मल्लिनाथ श्लोकाच्या क्रमाने जातच नाही. तो हयगयीपासून सुरुवात करतो, मग शाप, मग वस्ती, म्हणजे कारणापासून परिणामाकडे. आपण सगळं अन्वयाच्याच वाटेने सांगतो असं तो टीकेच्या आरंभी म्हणतोही: इहान्वयमुखेनैव सर्वं व्याख्यायते मया.

आश्रमेषु या अनेकवचनावर काका शेवटी परत आले. एक यक्ष, मग आश्रम अनेक का? टीकेत याचं उत्तर आहे: विरहाने तो एका जागी टिकत नाही, हे अनेकवचनातून सुचवलं आहे. हा अर्थ कोणत्याही विग्रहातून निघत नाही, पण सप्तमीचं वचन नीट पाहिलं नसतं तर प्रश्नही पडला नसता. रामगिरि कोणता, हे मात्र शब्द कितीही फोडला तरी कळणार नाही. रामगिरि आणि आश्रम, इ चा य् झाला, रामाच्या गिरीवरचे आश्रम, इथे व्याकरण संपलं. मल्लिनाथ चित्रकूट म्हणतो, वा. वि. मिराशींनी नागपूरजवळचं रामटेक मानलं. तो वाद भूगोलाचा आणि इतिहासाचा आहे, समासाचा नाही.

उठण्यापूर्वी काकांनी दुसरा श्लोक स्वतः धरला, टीका मिटून. त्यात यक्षाचं विशेषण आहे: कनकवलयभ्रंशरिक्तप्रकोष्ठः. त्यांनी आधी शेपूट पाहिलं, प्रथमा एकवचन. बाहेरचं नाम 'स कामी'. मग टोकापासून मागे आले: रिक्त आहे प्रकोष्ठ ज्याचा तो, यस्य सः. रिक्त कशाने, तर भ्रंशाने. भ्रंश कशाचा, तर वलयाचा. वलय कशाचं, तर सोन्याचं. विग्रह पूर्ण बरोबर. मग अर्थ लिहिला: "सोन्याचं कडं गळून पडल्याने ज्याची खोली रिकामी झाली असा."

प्रकोष्ठ म्हणजे खोली, हा अर्थ चुकीचा नाही. पण कडं गळून खोली रिकामी होत नाही, हे त्यांच्या लगेच लक्षात आलं आणि त्यांनी स्वतःच टीका उघडली. मल्लिनाथाने तिथे कोशातली ओळ दिली आहे: कक्षान्तरे प्रकोष्ठः स्यात्प्रकोष्ठः कूर्परादधः. दालन या अर्थी प्रकोष्ठ असतो, आणि कोपराखालचा भाग या अर्थीही. काकांनी 'खोली' खोडून 'मनगट' लिहिलं, थोडा वेळ स्वतःच्या हाताकडे पाहिलं आणि म्हणाले, "म्हणजे आठ महिन्यांत इतका वाळला."